मोठ्यांचा गौरव करताना

सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ठरतो. हॉल मिळतो, शाल-श्रीफळ येते, जेवणाचा बेत पक्का होतो, आणि सगळ्यात शेवटी कोणाला तरी आठवते की मानपत्र लिहायचे राहिले. मग ज्याचे मराठी बरे त्याच्या गळ्यात ते काम पडते. हाताशी वेळ दोन दिवसांचा. तो कुठून तरी आधीच्या एखाद्या मानपत्राची प्रत मिळवतो, नाव बदलतो, गाव बदलतो आणि मजकूर छापायला देतो. ज्या बाईंसाठी हे सगळे चाललेले असते त्यांनी चाळीस वर्षे मुलांची वाक्ये तपासलेली असतात. मंचावर बसून त्या ते मानपत्र ऐकतात आणि कोणते वाक्य आपल्याविषयी आहे, कोणते आधीच्या माणसाचे उरले आहे, हे त्यांना लगेच कळते.

हे पुस्तक मानपत्र लिहायला बसलेल्या त्या माणसासाठी आहे. मानपत्राचा कागद, सुलेखन, चौकट, वाचनाची पद्धत यांविषयी पुढच्या प्रकरणांत येईलच. या प्रस्तावनेत मला एकाच अडचणीविषयी सविस्तर लिहायचे आहे, कारण लिहिणारे सर्वांत जास्त तिथेच अडखळतात. वयाने किंवा अधिकाराने आपल्यापेक्षा खूप मोठ्या असलेल्या माणसाविषयी चांगले बोलायचे, तर त्याला काय म्हणायचे, कोणत्या सर्वनामाने हाक मारायची आणि स्तुतीचा सूर कुठे ठेवायचा?

या अडचणीवर बहुतेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे विशेषणे वाढवणे. ‘आदरणीय’ पुरेसे वाटत नाही म्हणून ‘परम आदरणीय’, मग ‘प्रातःस्मरणीय’, मग ‘शिक्षणमहर्षी’. माझे मत असे की आदर विशेषणांच्या संख्येवर ठरत नाही. लिहिणारा कुठे उभा राहून बोलतो आहे, यावर तो ठरतो. लहानाने मोठ्याला प्रमाणपत्र द्यायचे नसते, त्याच्याविषयी साक्ष द्यायची असते. ‘आपले कार्य उत्कृष्ट आहे’ हे वाक्य तपासनीसाचे आहे. ‘आपण शिकवलेले गणित मला आजही दुकानात उपयोगी पडते’ हे विद्यार्थ्याचे आहे. दुसऱ्या वाक्यात एकही आदरार्थी विशेषण नाही, तरी आदर त्यातच अधिक आहे.

म्हणूनच मोठ्या माणसासाठी ‘कौतुक’ हा शब्द मी वापरू देत नाही. मराठीत कौतुक मोठ्यांनी लहानांचे करायचे असते. आजी नातवाचे कौतुक करते, सासू सुनेच्या पुरणपोळीचे करते, साहेब नव्या कारकुनाच्या कामाचे करतो. नातवाने आजीला ‘तुझे कौतुक वाटते’ म्हटले तर घरात ते लाडाचे म्हणून खपून जाते. भरसभेत, छापील कागदावर ते खटकते. ‘शाबासकी’चेही तसेच. मोठ्यांचा गौरव करावा, सत्कार करावा, त्यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करावी, त्यांचे ऋण मानावे. वाढदिवशी त्यांना आशीर्वाद देता येत नाही. म्हणून आपल्याकडे ‘अभीष्टचिंतन’ हा शब्द रुळला. ‘आपण शतायुषी व्हा’ असे आशीर्वादाच्या थाटात न म्हणता ‘आपणांस निरामय दीर्घायुष्य लाभो, ही प्रार्थना’ असे म्हणतात. प्रार्थना कोणीही करू शकतो, त्यासाठी वय लागत नाही.

एक उदाहरण घेऊन सगळे तपशिलात पाहू. समजा, एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत, वय एक्याऐंशी. गावातच राहतात. त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. चाळीस ते पासष्ट या वयातल्या माजी विद्यार्थ्यांनी सत्कार ठरवला आहे. त्यांत शेतकरी आहेत, एक किराणा दुकानदार आहे, एक उपजिल्हाधिकारी आहे. मानपत्राचा पहिला मसुदा असा:

‘परमपूज्य, प्रातःस्मरणीय, शिक्षणमहर्षी, मा. सौ. अमुक बाईसाहेबजी यांस. तुम्ही आमच्या गावात ज्ञानाची गंगा आणली. आपण शाळेची इमारत उभी केली. आपले कार्य कौतुकास्पद आहे. तू आमची दुसरी आई झालीस. आम्ही आपले कौतुक करतो आणि आपल्या पुढील उज्ज्वल वाटचालीस शुभेच्छा देतो.’

असे मसुदे लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते, उलट माया ओसंडत असते. पण संबोधनापासूनच गडबड सुरू होते. ‘परमपूज्य’ हे आपल्याकडे आध्यात्मिक गुरूंसाठी रूढ आहे. ते शिक्षिकेला लावले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मठ येतो, शाळा येत नाही. ‘महर्षी’ म्हटले की महाराष्ट्राला धोंडो केशव कर्वे आणि विठ्ठल रामजी शिंदे आठवतात. लोकांनी फार थोड्यांना दिलेला हा शब्द आहे, समितीने चहा पिता पिता द्यायचा नाही. ‘मा.’ म्हणजे माननीय, आणि हा मान मुळात पदाचा. विधानसभेत ‘सन्माननीय सदस्य’ म्हणतात, सरकारी पत्रात ‘मा. मंत्री’ लिहितात, कारण तिथे मान खुर्चीला असतो. बाईंना खुर्ची सोडून वीस-एक वर्षे झाली. ‘साहेब’ आणि ‘जी’ एकापुढे एक लावण्याचे तर कारणच नाही. नावाआधी एक आणि नावानंतर एक, इतके आदरवाचक मराठीला पुरतात.

‘सौ.’ ही सर्वांत बोचणारी चूक. ‘सौ.’ म्हणजे सौभाग्यवती, आणि यजमान हयात नसलेल्या बाईंच्या नावाआधी तो शब्द मंचावरून मोठ्याने वाचला गेला तर त्यांच्या मनाला काय वाटेल, हे लिहिणाऱ्याने आधी मनात आणायला हवे. मग समितीत वाद होतो: ‘श्रीमती’ लिहायचे का? महाराष्ट्रात बराच काळ ‘श्रीमती’ विधवेच्या नावाआधी लावत, आणि जुन्या पिढीतल्या काही जणींना तो शब्द त्यामुळेच नकोसा वाटतो. आता तो कोणत्याही स्त्रीसाठी सर्रास वापरतात, आणि मला ते योग्य वाटते. ‘गं. भा.’ मात्र कोणीही लिहू नये. पण मुळात इथे वैवाहिक स्थिती सांगायचे कारणच काय? पुरुषाच्या ‘श्री.’वरून त्याची बायको हयात आहे की नाही हे कळत नाही. साऱ्या गावाने बाईंना साठ वर्षे ‘बाई’ म्हटले आहे. नाव, आडनाव आणि पुढे ‘बाई’ एवढे पुरेसे आहे, आणि खरेही आहे. आयुष्यभर अविवाहित राहिलेल्या सत्तरीच्या प्राध्यापिकेच्या नावाआधी ‘कु.’ छापण्यापेक्षा ‘प्रा.’ छापावे, तेही याच कारणाने.

आता सर्वनामे. एका मसुद्यात ‘तुम्ही’, ‘आपण’ आणि ‘तू’ तिन्ही आले आहेत. ही चूक इतकी सर्रास होते की मसुदा हातात आल्यावर मी आधी फक्त सर्वनामांखाली रेघा ओढतो. ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांत कमी-जास्त आदराचा फरक आहे, असे मी म्हणणार नाही. फरक अंतराचा आहे. मामांना पत्र लिहिताना ‘तुम्ही’ लिहावे. तिथे ‘आपण’ लिहिले तर मामांना वाटेल, पोराचे काही बिनसले आहे. मानपत्र अनेकांच्या वतीने असते, सभेपुढे वाचले जाते, पुढे भिंतीवर लागते. तिथे ‘आपण’ शोभते. एकदा निवडले की शेवटपर्यंत तेच ठेवावे.

पण ‘आपण’ सोबत एक पेच घेऊन येते. मराठीत ‘आपण’ म्हणजे समोरची आदरणीय व्यक्तीही आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून सगळे’ही. ‘आपण आलात’ आणि ‘आपण आलो’ यांत क्रियापद गोंधळ होऊ देत नाही. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात मात्र क्रियापद कर्माप्रमाणे चालते आणि ही खूण पुसली जाते. ‘आपण शाळेची इमारत उभी केली’ हे वाक्य पुन्हा वाचा. इमारत बाईंनी उभी केली, की गावाने मिळून? वाक्यावरून सांगता येत नाही. शेवटी एक ‘त’ आला की शंका मिटते: ‘आपण शाळेची इमारत उभी केलीत.’ केलेत, घेतलीत, शिकवलेत, सोसलेत. बोलताना हा ‘त’ आपण सहज लावतो, लिहिताना शुद्धलेखनाच्या नादात गाळतो. मानपत्रात तो गाळला की श्रेय कोणाचे, हेच संदिग्ध होते, आणि श्रेय देण्यासाठीच तर मानपत्र असते.

‘तू आमची दुसरी आई झालीस’ हे वाक्य काढताना मसुदा लिहिणाऱ्याला वाईट वाटते, आणि ते मी समजू शकतो. मराठी माणूस विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो, आईला ‘तू’ म्हणतो. कितीतरी शेतकरी घरांत बापालाही ‘तू’च म्हणतात, आणि त्यात आदर तसूभरही कमी नसतो. हा ‘तू’ जवळिकीचा आहे. पण तो ज्याचा त्याने म्हणायचा असतो. बाईंची बालमैत्रीण सोहळ्याला आली आणि ‘अगं, तू आठवीत असताना…’ म्हणत दोन शब्द बोलली, तर सगळ्या सभेत तेच भाषण लोकांच्या लक्षात राहील. तिने उगाच ‘आपण’ म्हणायला जाऊ नये. विद्यार्थ्यांनी कधी बाईंना ‘तू’ म्हटलेले नाही, मग मानपत्रापुरते ते आणू नये. आईची माया सांगायची असेल तर प्रसंगातून सांगावी.

आदरार्थी बहुवचन एका शब्दावर थांबत नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. सभेकडे वळून बोलताना ‘आमची बाई शिकवायची’ म्हणून चालत नाही, ‘आमच्या बाई शिकवायच्या’ म्हणावे लागते. विशेषण, क्रियापद, सर्वनाम सगळेच मग अनेकवचनात जाते. बाईंच्या घरच्यांनाही तोच मान मिळतो. ‘त्यांचा नवरा’ नव्हे, ‘त्यांचे यजमान’. ते ‘वारले’ नव्हे, ‘त्यांचे निधन झाले’. कोणाच्या नावाआधी ‘कै.’ लावायचे असेल तर ते कुटुंब हा शब्द वापरते का, हे पाहावे. ‘दिवंगत’ सर्वांना चालतो. आंबेडकरी कुटुंबांत ‘कालकथित’ लिहितात, हयात व्यक्तीला ‘आयुष्मान’ किंवा ‘आयुष्मती’ म्हणतात, आणि पत्राची सुरुवात ‘सप्रेम जयभीम’ने होते. वारकरी कीर्तनकाराच्या नावाआधी ‘ह. भ. प.’ येते, मुसलमान ज्येष्ठांना ‘जनाब’ म्हणतात. आदराची भाषा ज्याचा गौरव करायचा त्याच्या घरची असावी, लिहिणाऱ्याच्या घरची नव्हे. माझ्या मते हा नियम बाकी सगळ्या नियमांपेक्षा मोठा आहे.

मसुद्याचा शेवट ‘उज्ज्वल वाटचाली’ने होतो. हे वाक्य दहावी उत्तीर्ण मुलांच्या सत्कारातून आलेले आहे. ऐंशी ओलांडलेल्या माणसासमोर ते वाचले जाऊ नये.

आता हाच मजकूर नव्याने कसा लिहिता येईल ते पाहा:

‘वंदनीय बाई, बहात्तरच्या दुष्काळात आमचे आईवडील खडी फोडायला जायचे आणि आम्ही मुले शाळा सोडून त्यांच्या मागे जायचो. आपण संध्याकाळी वस्तीवर येऊन कंदिलाच्या उजेडात आमचे पाढे घेतलेत. त्या वर्षी आमच्यापैकी एकाचेही नाव आपण पटावरून कमी होऊ दिले नाहीत. शाळेच्या खोल्यांसाठी घरोघर फिरून आपण वर्गणी जमवलीत आणि पहिली वर्गणी स्वतःच्या पगारातून दिलीत. आज आम्ही शेतात, दुकानात, कचेरीत जिथे आहोत तिथे आपण दिलेल्या अक्षरओळखीवर उभे आहोत. हे ऋण फिटणारे नाही, ते आम्ही आनंदाने वागवत आहोत. आपणांस निरामय दीर्घायुष्य लाभो, ही प्रार्थना. आपले विद्यार्थी.’

‘वंदनीय’ हे एकच विशेषण राहिले. ते विद्यार्थ्याच्या तोंडी शोभते, कारण विद्यार्थी खरोखरच बाईंच्या पाया पडतात. ‘ज्ञानाची गंगा’ गेली आणि कंदील आला. जुन्या पद्धतीच्या मानपत्रात प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला नवे संबोधन असे, आणि तशी घडण हवी असेल तर तीही शोभते. मात्र प्रत्येक संबोधनाखालच्या परिच्छेदाने ते सिद्ध करायला हवे. ‘विद्यार्थिवत्सल’ म्हटले तर त्याखाली वत्सलतेची एक गोष्ट हवी. अशी गोष्ट सापडत नसेल तर ते संबोधन काढून टाकावे.

वय आणि अधिकार एकाच माणसात नेहमी असतातच असे नाही. आपल्या सोहळ्यातला उपजिल्हाधिकारी मंचावर असेल, तर पदाचा मान म्हणून सूत्रसंचालकाने त्याला ‘माननीय’ म्हणावे. तो बोलायला उभा राहिला की तो बाईंचा विद्यार्थी. त्याने आपले पद बाजूला ठेवून बोलावे, आणि निमंत्रणपत्रिकेत त्याचे नाव सत्कारमूर्तींपेक्षा ठळक अक्षरांत छापू नये. वयाने लहान पण पदाने मोठ्या व्यक्तीला ‘आपण’ आणि ‘महोदय’ किंवा ‘महोदया’ पुरते. ‘वंदनीय’, ‘पूज्य’, ‘आपल्या चरणी’ हे शब्द तिथे लाचारीचे वाटतात.

उलटही घडते. शाळेतला शिपाई साठाव्या वर्षी निवृत्त होतो. सारी शाळा त्याला ‘मामा’ म्हणत आलेली असते. निरोपाच्या पत्रात मात्र तो अचानक ‘श्री. अमुक, शिपाई’ होतो आणि मजकुरात ‘त्याने प्रामाणिक सेवा केली’ असे येते. मुख्याध्यापक वयाने वीस वर्षांनी लहान असले तरी त्यांनी ‘मामा, तुम्ही’ असेच लिहावे. तिथे ‘आपण’सुद्धा परके वाटेल.

उपाध्यांविषयी एक व्यवहाराची गोष्ट. राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदानुसार सैनिकी आणि विद्याविषयक मानचिन्हे सोडून कोणताही किताब राज्याला देता येत नाही. पद्म पुरस्कार आणि भारतरत्न हे किताब नाहीत, म्हणूनच ते घटनेत बसतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. त्यामुळे ते नावाच्या मागे-पुढे लावायचे नसतात. निमंत्रणपत्रिकेवर ‘पद्मश्री अमुक’ असे छापणे चूक आहे, कितीही आदराने छापले तरी. ‘पद्मश्री पुरस्काराने सन्मानित’ असे वाक्यात लिहावे. लक्ष्मणशास्त्री जोशींची ‘तर्कतीर्थ’ ही परीक्षा देऊन मिळवलेली पदवी होती, ती नावाआधी येते. ‘लोकमान्य’ लोकांनी दिले, त्याला कोणाची परवानगी लागली नाही. राष्ट्रपतींसाठी देशांतर्गत कार्यक्रमांत ‘महामहिम’ म्हणण्याची पद्धत प्रणव मुखर्जींच्या काळात, २०१२ मध्ये बंद झाली. देशाच्या सर्वोच्च पदावर ‘महोदय’ पुरते, हे सत्कार समित्यांनी ध्यानात ठेवावे.

मसुदा तयार झाला की छापायला देण्याआधी सत्कारमूर्तींच्या घरातल्या एका जाणत्या माणसाला तो वाचून दाखवा. नाव कसे लिहितात, कोणती उपाधी चालते, कोणाचा उल्लेख हवा किंवा नको, हे त्यांनाच विचारा. मग तो एकदा मोठ्याने वाचा, कारण मानपत्र कानांसाठी लिहिलेले असते आणि ‘आपण’च्या पुढचा गळालेला ‘त’ वाचतानाच सापडतो. शेवटी समितीच्या सह्या येतील. आपल्याकडे स्वतःला श्री म्हणवून घेत नाहीत. तेव्हा सहीच्या जागी आपले नाव नुसतेच लिहा. त्याच्या आधी ‘श्री.’ नको, ‘डॉ.’ नको आणि खाली हुद्दाही नको.